कावळा आणि फांदी

अर्थखात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर महसूल अंदाज विभाग होता, आणि त्या विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे कावळेताई म्हणत. नव्यानं रुजू झालेला माणूस ते आडनाव समजून टिपणाच्या डोक्यावर तसंच लिहायचा आणि पुढे आठवडाभर त्यांच्यासमोर यायचं टाळायचा. ते आडनाव नव्हतं. कुठलाही कर वाढला किंवा कमी झाला की चार महिन्यांत कोणीतरी धापा टाकत वर यायचं आणि सांगायचं, बघा, कर वाढला आणि वसुली पडली. मग ताई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. दुसरं काही बदललं होतं का, ते बघितलंत?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मंत्र्यांना विचारला होता, बँकवाल्यांना विचारला होता, आणि एकदा तर लिफ्ट बंद पडली तेव्हा लिफ्टवाल्यालाही. लोक हसत, पण खाली जाऊन बघत, आणि दहातल्या सात वेळा दुसरं काहीतरी बदललेलं निघे. दुष्काळ पडलेला असे, कारखाना जळालेला असे, नाहीतर मागच्या वर्षी एक मोठी कंपनी विकली गेल्यामुळे तेव्हाचाच आकडा उगाच फुगलेला असे.

त्यांचं काम म्हणजे पुढच्या वर्षी तिजोरीत किती येईल ते आज सांगायचं. ज्योतिष्याचं चुकलं तर तो ग्रहांवर ढकलतो. ताईंना तेवढीही सोय नव्हती.

त्या वर्षी खात्यात एकाच गोष्टीची चर्चा होती. तीन वर्षांपूर्वी सरकारनं श्रीमंतांवरचा वरचा दर पंचेचाळीस टक्क्यांवरून पासष्टवर नेला होता. पूर्ण कमाईवर नव्हे. एका ठरलेल्या रेषेच्या वर जे जाईल, त्या वरच्या शंभरातले पासष्ट. हे वाक्य ताईंनी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. येणाऱ्या जादा पैशातून सरकारनं घरी येणाऱ्या परिचारिकांची योजना काढली होती. म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, जुन्या जखमा चिघळलेली जी माणसं असतील त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा परिचारिका जाऊ लागल्या.

आणि पहिल्याच वर्षी वसुली घटली. वाढली नाही, चक्क घटली. वर्तमानपत्रांनी लावून धरलं: अति तिथे माती. कोंबडी कापली, आता अंडं कुठून येणार? दर पुन्हा पंचेचाळीसवर आणा, लोक जोमानं कमावतील आणि तिजोरी आपोआप भरेल. ऐकायला किती छान. कर कमी भरा, सरकारला जास्त मिळेल. जेवल्यानं वजन उतरतं असं कोणी सांगितलं तर कोणाला आवडणार नाही?

पण ताईंचा स्वभाव असा की आवडणाऱ्या गोष्टीवर त्यांचा आधी संशय. आणि तरी त्या ही कल्पना हसण्यावारी नेत नसत, कारण तिच्या मुळाशी खरं काहीतरी होतं, आणि ते त्यांना त्यांच्याच घरात कळलं होतं.

त्यांची आई शिवणकाम करायची. वडील लवकर गेले. दादा, म्हणजे ताईंचा मोठा भाऊ, शाळेत असतानाच धाकट्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागला, आणि त्यातले अर्धे पैसे आईच्या डब्यात टाकायचा. एका वर्षी घरभाडं वाढलं म्हणून आई म्हणाली, आता चारातले तीन टाक. दादानं महिनाभर टाकले आणि मग दोन शिकवण्या सोडून दिल्या. डब्यात पूर्वीपेक्षा कमी पडू लागलं. ही गोष्ट दादा पुढे जन्मभर सांगत आला. मोठा सर्जन झाला, शहरभर नाव झालं, तरी चार पाहुणे जमले की हा "आईचा कर" निघायचाच. आणि प्रत्येक वेळी आई शिवता शिवता मान न वर करता म्हणायची, "अरे, त्या वर्षी तुझी परीक्षा होती. अभ्यासासाठी सोडल्यास तू." दादा म्हणायचा, छे, रागानं सोडल्या. ताईंना आठवत होतं ते तिसरंच: त्यातल्या एका मुलाचं बिऱ्हाडच दुसरीकडे गेलं होतं. एक डबा, तीन माणसं, आणि घटलेल्या पैशांची तीन कारणं. तुम्ही ह्या धंद्यात का पडलात असं कोणी विचारलं की ताई हीच गोष्ट सांगत.

तर असा हा दादा. ताईंना तो चिमणी म्हणायचा. "ऑफिसात कावळा, घरी चिमणी, बाईला स्वतःचं घरटं एक नाही," असं चिडवायचा, कारण ताईंनी लग्न केलं नव्हतं. पण शाळेत असताना रोज सकाळी त्यांच्या कोटाची बटणं लावून द्यायचा तो हाच, आणि आईला सुईत दोरा ओवून द्यायचाही हाच. आई म्हणायची, ह्याच्या बोटांना डोळे आहेत.

पासष्टचा दर आला त्या वर्षी दादानं शनिवारच्या शस्त्रक्रिया बंद केल्या. शंभरातले पासष्ट सरकारनं न्यायचे तर शनिवारी मी का उभा राहू, असं तो एका समारंभात म्हणाला. लोक हसले. पुढच्या आठवड्यात ते छापून आलं. मग हळूहळू त्यानं बाकीचे दिवसही कमी केले, आणि आठ महिन्यांपूर्वी तर शस्त्रक्रिया पूर्णच सोडल्या. फक्त रोगी तपासायचे आणि शिकवायचं. डॉक्टरांच्या संघटनेला आयताच वीर सापडला. करामुळे ज्यानं सुरी खाली ठेवली तो माणूस म्हणून त्याची ओळख झाली, आणि वरच्या दराची चौकशी करायला समिती बसली तेव्हा साक्षीसाठी त्याचंच नाव सगळ्यात वर आलं.

समितीपुढे अंदाज मांडायचं काम ताईंकडेच होतं, म्हणून त्यांनी ताबडतोब समितीच्या अध्यक्षबाईंना जाऊन सांगितलं, साक्षीदार माझा सख्खा भाऊ आहे, मला ह्यातून मोकळं करा. अध्यक्षबाई राजकारणात येण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांचा आवाज अजून वर्गातलाच होता. त्या म्हणाल्या, ह्या शहरात प्रत्येकजण कोणाचा तरी कोणीतरी आहे. नातं कामकाजात नोंदवू. तुम्हाला मत नाही, तुम्ही फक्त अंदाज मांडणार आणि लागेल तिथे साक्षीदाराला प्रश्न विचारणार. आणि तुमचा प्रश्न तर सगळ्यांना एकच असतो, त्यात पक्षपात तो काय होणार?

सुनावणीच्या आधीच्या रविवारी दोघं भावंडं आईकडे आली.

आईचं आता वय झालं होतं. पायावर एक जखम होती, ती काही केल्या भरत नव्हती. पूर्वी दर रविवारी दादाच ती धुऊन पट्टी बांधायचा. वर्षभरापासून योजनेतली परिचारिका येत होती. आईला ती आवडायची, पण टोमणा मारल्याशिवाय राहवायचं नाही. म्हणाली, पोटचा पोरगा एवढा मोठा सर्जन आणि माझा पाय परक्याच्या पोरीनं बांधायचा. दादा हसला. "माझे हात महाग झालेत, आई. त्यातला पासष्ट टक्के हिस्सा सरकारचा आहे. चिमणीला विचार."

मग आईनं सुई आणि काळा दोरा पुढे केला. त्यात काही विशेष नव्हतं. तो आला की ती हे करायचीच. दादानं सुई घेतली नाही. चष्मा गाडीत राहिला म्हणाला. ताईंना चष्म्याची दोरी त्याच्या सदऱ्याच्या खिशातून बाहेर आलेली दिसत होती. त्यांनी आईच्या हातातून सुई घेतली आणि तीन प्रयत्नांत दोरा ओवला.

चहा झाला. दादानं कप अर्धाच भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून प्यायला. थंडी नव्हती. ताई बघत होत्या आणि बघायचं नाही असं ठरवत होत्या. निघताना दादा कोट घालायला पुढच्या खोलीत गेला. आपली पिशवी आणायला म्हणून ताई मागून गेल्या आणि दारातच थांबल्या. दादाची पाठ त्यांच्याकडे होती. आरशात त्याचा उजवा हात दिसत होता. कोटाच्या मधल्या बटणापाशी तो हात थरथरत होता. थोडाथोडका नव्हे, शिवणयंत्राचं चाक फिरताना टेबल थरथरतं तसा. दादानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, बटण काजापर्यंत नेलं, आणि ते निसटलं. पुन्हा नेलं, पुन्हा निसटलं. मग त्यानं कोट उघडाच ठेवला आणि उजवा हात खिशात घातला. वळला तेव्हा चेहऱ्यावर नेहमीचं हसू होतं.

"चल गं," तो म्हणाला. "उकडतंय जरा."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ताई त्या दिवशी बसनं घरी गेल्या, त्याच्या गाडीत बसल्या नाहीत. बसमध्ये त्यांनी गेली तीन वर्षं उलटी फिरवून पाहिली. आधी शनिवार का बंद झाले? शनिवारी लांबलचक, बारीक टाक्यांच्या शस्त्रक्रिया असत. मग बाकीचे दिवस कमी का झाले? त्याच्या पायात बिनलेसचे बूट का आले? त्याची सही मोडून एक रेघ का झाली? सगळ्याला एकच उत्तर होतं आणि त्यात कराचा काही संबंध नव्हता. हात थरथरायला लागला आणि दर वाढला, दोन्ही एकाच वर्षी. कावळा आणि फांदी. आणि ज्या बाईनं अख्ख्या खात्याला हे शिकवलं, तिला स्वतःच्या भावाच्या बाबतीत तीन वर्षं ते दिसलं नव्हतं. तिनंही तेच मानलं होतं जे वर्तमानपत्रांनी मानलं, कारण तारखा छान जुळत होत्या.

त्यांना त्याचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त दिसत होतं की ज्या माणसाचं सगळं मोठेपण दहा बोटांत होतं, त्यानं ती बोटं गेली म्हणायच्या ऐवजी मी संपावर गेलो म्हटलं. हात गेला म्हणून कीव करून घेण्यापेक्षा सरकारवर चिडलेलं बरं. निदान त्यानं वेळेवर सुरी खाली ठेवली होती. कोणाच्या जिवाशी खेळला नव्हता. खोटं फक्त कारण होतं.

आठवडाभर ताई फोनपर्यंत हात नेत राहिल्या आणि मागे घेत राहिल्या.

सुनावणीची खोली साधी होती. घोड्याच्या नालासारखं टेबल, मध्ये साक्षीदाराची खुर्ची, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि माईक. आधी ताईंना बोलायचं होतं. त्यांनी कागद न बघता सुरुवात केली. कर शून्य टक्के असेल तर तिजोरीत शून्य येतं. शंभर टक्के असेल तर कोण मरायला कमावेल, आणि कमावलंच तर दाखवेल कशाला. तेव्हाही जवळजवळ शून्यच. म्हणजे मधे कुठेतरी शिखर आहे आणि शिखराच्या पलीकडे दर वाढवला तर वसुली घटते. इथपर्यंत अर्थतज्ज्ञांत भांडण नाही. भांडण आहे ते शिखर कुठे आहे यावर, आणि आपण चढावर उभे आहोत की उतारावर यावर. काही अभ्यासांत ते सत्तरच्या पुढे निघतं, काहींत पन्नासच्याही खाली.

एका सभासदानं विचारलं, एवढी शिकलेली माणसं एक आकडा का सांगू शकत नाहीत?

ताई म्हणाल्या, कारण तो डोंगर जागेवर राहत नाही. पगाराचा पैसा कंपनीचा नफा म्हणून दाखवायची वाट उघडी असेल तर लोक त्या वाटेनं जातात आणि शिखर खाली येतं. वाट बंद केली की वर सरकतं. शिवाय माणसं कमी काम करतात, की तेवढंच काम करून पैसा दुसरीकडे दाखवतात, की नुसता एखादं वर्ष पुढेमागे करतात, हे वसुलीच्या आकड्यात वेगळं दिसत नाही. आपल्याकडे दरवाढ सहा महिने आधी जाहीर झाली. ज्यांना जमलं त्यांनी बोनस आणि लाभांश जुन्या दरात उरकून घेतले. म्हणून आधीचं वर्ष फुगलं आणि पहिलं वर्ष खचलं. दुसऱ्या वर्षी वसुली जुन्या पातळीच्या वर गेली, पण दरवाढीच्या हिशेबानं जेवढी जायला हवी होती तेवढी नाही. म्हणजे लोकांवर परिणाम झाला नाही असंही नाही.

"मग दर पंचेचाळीसवर आणला तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तूट येईल, बहुधा. कमी दरामुळे लोक जास्त कमावतील किंवा जास्त दाखवतील, त्यातून त्या तुटीचा काही भाग भरून निघेल. आमचा अंदाज चाळीस टक्क्यांच्या आसपास. पण मी त्याची शपथ घेणार नाही; वीसही असेल, पासष्टही असेल. पूर्ण भरून निघायची तर लोकांचा प्रतिसाद आम्हाला दिसतो त्याच्या दुपटीहून जास्त असावा लागेल. तसं मानणारे अर्थतज्ज्ञ आहेत. ते म्हणतात, दोन वर्षं काय बघता, वीस वर्षं बघा. मग लोक काय शिकतात, कोण धंदा काढतो, कोण देश सोडतो ते दिसेल. ते चूक आहेत हे मी सिद्ध करू शकत नाही."

खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत. वीस ते पासष्ट असा पल्ला सांगितला की लोकांना वाटतं ह्यांना काही माहीत नाही. दोन सभासद घड्याळाकडे बघू लागले होते.

मग दादा आला. उंच, करड्या केसांचा, उजवा हात खिशात. खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्यानं आईच्या डब्याची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले, अध्यक्षबाईसुद्धा. मग तो शनिवारांबद्दल बोलला. किती रोगी परत पाठवावे लागले ते बोलला. हे सांगताना त्याचा आवाज खोल गेला, आणि ते दुःख बनावट नव्हतं. ज्याला रोगी परत पाठवावे लागले होते त्याचंच ते होतं. घड्याळ बघणारे दोघं आता पुढे वाकून ऐकत होते. ताईंच्या वीस टक्के ते पासष्ट टक्क्यांपेक्षा हा एक माणूस भारी होता. त्याचा घसा कोरडा पडला होता, दोनदा खोकला. पण समोरच्या पेल्याला त्यानं हात लावला नाही.

बोलणं संपलं. अध्यक्षबाई ताईंकडे वळल्या. "तुमचं नातं नोंदवलेलं आहे. तुम्हाला तुमचा नेहमीचा प्रश्न विचारायचा आहे का?"

टेबलाभोवती कोणीतरी हळूच हसलं. प्रश्न सगळ्यांना पाठ होता. दादानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. शाळेच्या दारात उभा राहून, जा आता आत, असं सांगताना बघायचा तसंच काहीसं. ताईंना वाटलं, तो विनवतोय. चिमणे, नको. इतक्या लोकांत नको.

त्यांनी माईकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"नाही," ताई म्हणाल्या. "प्रश्न नाही."

अध्यक्षबाईंच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी पान उलटलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. समितीनं दर पन्नासवर आणायची शिफारस केली आणि अहवालात पहिल्याच परिच्छेदात दादाची साक्ष घातली. घरी येणाऱ्या परिचारिका आठवड्यातून एकदाच येऊ लागल्या. आईच्या पायाची दुसरी पट्टी ताई बांधायला शिकल्या, वाकडीतिकडी. पुढच्या वर्षी वसुली घटली, पण ताईंच्या अंदाजापेक्षा कमी. दर कमी करणारे म्हणाले, बघा, आम्ही सांगितलं होतं. विरोधक म्हणाले, बघा, घटलीच की नाही. त्याच वर्षी निर्यात जोरात होती आणि व्याजदर उतरले होते, ते कोणी बोललं नाही. ताईंनी प्रश्न विचारला असता तर निकाल वेगळा लागला असता का, हेही कोणाला सांगता येणार नाही. त्यांना स्वतःला तर मुळीच नाही.

पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. सुनावणी संपली, खोली रिकामी झाली, आणि ताई बाहेर आल्या तेव्हा लांब व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी दादा उभा होता. बाहेर वारा सुटला होता. त्याचा कोट उघडा होता. संघटनेची माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून गेली होती.

ताई जवळ गेल्या. दोघंही खालच्या गाड्यांकडे बघू लागली.

"तू विचारलं नाहीस," दादा म्हणाला.

"तू नको म्हणालास ना. डोळ्यांनी."

दादानं मान हलवली. "नको म्हणालो नाही, गं. विचार म्हणत होतो."

ताई खिडकीकडून त्याच्याकडे वळल्या.

"सकाळपासून ठरवून आलो होतो," तो म्हणाला. "आपण होऊन माझ्या तोंडून निघत नाही. तुझ्या वहिनीला सांगायचं म्हणून दोन वर्षं तोंड उघडतोय आणि दुसरंच काहीतरी बोलतोय. म्हटलं, चिमणी विचारेल. ती सगळ्यांना विचारते. लिफ्टवाल्याला सोडलं नाही, मला काय सोडणार? तिनं विचारलं की हो म्हणायचं आणि सुटायचं. त्या लाल दिव्याकडे बघत बसलो होतो."

"मला वाटलं, तुला उघडं पाडायला नको."

"तेच. ज्याच्या लक्षात येतं त्याला तेच वाटतं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आता कामकाजात लिहिलं गेलं. आता मी करामुळेच थांबलो, असं उद्या छापून येईल. मीही हळूहळू तसंच म्हणायला लागेन, आईच्या डब्यासारखं. परीक्षाच होती त्या वर्षी, चिमणे. आईचं बरोबर आहे."

ताईंना रडू आलं. खात्याच्या व्हरांड्यात, शिपायांच्या देखत, पंचवीस वर्षांत त्या कधी रडल्या नव्हत्या. इतकी वर्षं त्या परक्या माणसांची खरी कारणं खोदून काढत आल्या, आणि ज्या एका माणसाला ते खोदणं हवं होतं त्याच्यापाशी त्यांनी माया म्हणून हात आवरला होता. मायेचा केवढा हा घात. डोळे पुसून त्या त्याच्यासमोर आल्या आणि त्याच्या कोटाच्या दोन्ही बाजू जुळवल्या. खालचं बटण लावलं. मग मधलं. त्यानं लावू दिलं. बटणं लावून घेणाऱ्या मुलासारखी हनुवटी वर करून तो उभा राहिला, आणि मग हळूच खिशातला हात बाहेर काढून बहिणीच्या हातावर ठेवला. तो थरथरत होता. ताईंनी तो दोन्ही हातांत धरला. तरी थांबला नाही.

मग त्यांनी विचारलं. माईक नव्हता, दिवा नव्हता, लिहून घेणारं कोणी नव्हतं.

"दुसरं काही बदललं होतं का, दादा?"

"हो," दादा म्हणाला. "हात."

ताईंनी वरचं बटण लावलं आणि दोघं जिन्याकडे निघाली. वहिनीला फोन कोणी करायचा, हे खालच्या मजल्यापर्यंत ठरत नव्हतं.